फ्रिजचं दार पूर्ण लागत नाही: रबर बदलण्याआधी पाय आणि कल तपासा

"आमच्या दोन दारांच्या फ्रिजचं खालचं मोठं दार ढकललं तरी बोटभर उघडंच राहतं. हाताने दाबलं तर लागतं आणि मग लागलेलं राहतं. फ्रिज थोडा पुढे झुकल्यासारखा वाटतो. पुढचा डावा पाय हाताने सहज फिरतो, म्हणजे जमिनीला टेकलेलाच नाही. बिजागरी उजवीकडे आहे. दाराचे कप्पे पाण्याच्या बाटल्यांनी गच्च भरलेले असतात. दुरुस्तीवाला म्हणतो रबर गेलं, बदला. बदलावं का?"

आत्ता बदलू नका. रबर बहुतेक चांगलं आहे, आणि त्याचा पुरावा तुमच्याच दुसऱ्या वाक्यात आहे. हाताने दाबल्यावर दार लागतं आणि लागलेलं राहतं, म्हणजे रबराच्या आतलं चुंबक पकडतंय आणि सोडत नाहीये. रबर खराब असतं तर दाबून हात काढल्यावर एखादा कोपरा सुटला असता, किंवा थोड्या वेळाने दार आपोआप सैल झालं असतं. तुमच्याकडे अडचण आहे ती दार चुंबकाच्या टप्प्यात पोहोचण्याची.

दाराच्या कडेने फिरणाऱ्या रबरात, म्हणजे गॅस्केटमध्ये, लवचीक चुंबकाची एक पट्टी असते. ती फ्रिजच्या पत्र्याला ओढते, पण तिची ओढ जाणवते ती शेवटच्या काही मिलिमीटरमध्येच. बोटभर फट असेल तर ते चुंबक असून नसल्यासारखं. ते फार जोरकस नसतं, आणि तसं मुद्दामच ठेवलेलं असतं. पूर्वीच्या फ्रिजना बाहेरून खटक्याची कडी असायची आणि खेळताना आत शिरलेली मुलं अडकून दगावायची. अमेरिकेत १९५६ साली याबद्दल कायदा झाला, दार आतून ढकलून उघडता आलंच पाहिजे असं ठरलं आणि कडीच्या जागी चुंबकी रबर रुळलं. तेव्हा "जास्त पॉवरचं रबर" कुणी देऊ करत असेल तर त्या नादाला लागू नका.

मग त्या शेवटच्या काही मिलिमीटरपर्यंत दार आणतं कोण? दोन गोष्टी. एक म्हणजे खालच्या बिजागरीतला उताराचा तुकडा. बऱ्याच फ्रिजमध्ये तो प्लास्टिकचा असतो. दार उघडताना ते त्या उतारावर किंचित वर चढतं आणि सोडलं की वजनाने खाली घसरत बंद होतं. दुसरी गोष्ट म्हणजे फ्रिजचा मागे असलेला कल. फ्रिज अगदी सरळ उभा असावा असं बहुतेकांना वाटतं, पण डावी-उजवीकडे सरळ आणि मागे मात्र किंचित कललेला, ही त्याची योग्य स्थिती.

या मागच्या कलाची एक खुबी लक्षात घ्या, कारण तुमचं सगळं दुखणं तिथेच आहे. फ्रिज मागे कललेला असेल तर बंद होण्याच्या दिशेने दाराला मिळणारी ढकल दार जवळजवळ लागलेलं असताना सर्वांत जास्त असते. दार काटकोनात उघडं असताना ती जवळपास शून्य असते. बाजूच्या कलाचं नेमकं उलट. फ्रिज बिजागरीच्या बाजूला झुकलेला असेल तर पूर्ण उघडलेलं दार पळत जाऊन भिंतीवर आपटेल, पण शेवटच्या बोटभर अंतरात त्या कलाचा परिणाम फारसा जाणवत नाही. तुमचं दार अडतंय ते बरोबर शेवटच्या बोटभर अंतरात, म्हणून आधी पुढचा-मागचा कल बघायचा.

आता बाटल्या. दार जड झालं म्हणून उघडं राहतं असं सरसकट म्हटलं जातं, ते अर्धंच खरं आहे. वजन स्वतःहून दार उघडत नाही. जो कल आधीपासून आहे त्याचा जोर ते वाढवतं. रिकामं दार १० किलोचं धरा. त्यात लिटरच्या आठ आणि दोन लिटरची एक बाटली ठेवली की १० किलो पाणीच झालं. सॉस, लोणची, दूध यांचे आणखी ५ किलो धरले तर सगळं मिळून २५ किलो. हे वजन साधारण दाराच्या मध्यावर असतं, त्यामुळे हँडलपाशी त्याचा निम्माच जोर जाणवतो. फ्रिज शंभरात एक इतका पुढे झुकलेला असेल तर हँडलपाशी सव्वाशे ग्रॅमची ढकल सतत उघडण्याच्या दिशेने लागते. रिकाम्या दाराला तीच ५० ग्रॅम असते आणि बिजागरीचा उतार तेवढी सहज पचवतो. सव्वाशे ग्रॅम त्याला पेलत नाही. मात्र हाच फ्रिज शंभरात एक इतका मागे कलवला, तर तेच भरलेलं दार सव्वाशे ग्रॅमच्या जोराने आपणहून बंद होईल. बाटल्या त्याच, दार तेच.

तुमच्या डाव्या पायाचा प्रश्न याहून थोडा वेगळा आहे. दार पूर्ण उघडतं तेव्हा त्याचं वजन उजवीकडे, बिजागरीच्या समोर असतं आणि फ्रिज उजव्या पुढच्या पायावर उभा राहतो. दार बंद व्हायला लागलं की वजन डावीकडे सरकतं. तिथला पाय अधांतरी असल्यामुळे फ्रिज मध्येच दोन-तीन मिलिमीटर डाव्या कोपऱ्यावर बसतो. कान देऊन ऐकलंत तर त्या क्षणी हलकासा "टक" ऐकू येईल. दार चौकटीशी पोहोचायच्या आतच चौकट जागची हललेली असते. पाय टेकवल्याशिवाय बाकी काही मोजण्यात अर्थ नाही.

कामाला लागण्याआधी फ्रिजचा प्लग काढा, दाराचे कप्पे पूर्ण रिकामे करा, आतल्या काचेच्या फळ्यांवरच्या बरण्या काढून घ्या आणि फ्रिजच्या डोक्यावर ठेवलेलं सामान उतरवा. पुढच्या पायांवर प्लास्टिकची पट्टी झाकलेली असेल तर ती ओढली की खटक्यातून सुटते. काही मॉडेलमध्ये पायांऐवजी पुढची चाकंच स्क्रूने वर-खाली होतात. पुढचं सगळं त्यांनाही लागू आहे.

आधी डावा पाय हातानेच फिरवत जमिनीला टेकवा. टेकल्यावर आणखी अर्धा फेरा द्या. मग फ्रिजच्या वरच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांवर, म्हणजे पुढचा डावा आणि मागचा उजवा, आळीपाळीने तळहाताने दाबून बघा. डुलत नसेल तर चारही पाय टेकले. मग हेच दुसऱ्या कर्णावर करा.

आता कल मोजायचा. पाणसळ असेल तर उत्तम, पण ती फ्रिजच्या वर प्लास्टिकच्या झाकणावर ठेवू नका, ते बहुतेकदा गोलसर असतं. मला स्वतःला यापेक्षा गवंड्याचा ओळंबा आवडतो, कारण तो सहज दिसतो आणि खोटं बोलत नाही. जाड दोऱ्याला एक जड नट बांधा. फ्रिजच्या बाजूच्या पत्र्याची जी पुढची उभी कड आहे (दाराची नव्हे, खोक्याची), तिच्या वरच्या टोकाशी दोरा धरा आणि नट जमिनीपासून थोडा वर मोकळा लटकू द्या. दोरा पत्र्याला घासत असेल तर वर एक पेन्सिल आडवी धरून तो थोडा बाहेर काढा. दोरा स्थिर झाला की खाली बघा. तो कडेच्या मागच्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे पडत असेल तर फ्रिज मागे कललेला आहे. कडेच्या पुढे पडत असेल तर पुढे झुकलेला आहे. दीड मीटर उंचीच्या दोऱ्यावर शंभरात एक म्हणजे १५ मिलिमीटर. दोरा कडेच्या मागे १० ते १५ मिलिमीटर पडावा एवढं आपल्याला हवं असतं. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळा.

समजा दोरा कडेच्या ४ मिलिमीटर पुढे पडला. हवा आहे मागे १५, म्हणजे वरचं टोक १९ मिलिमीटर मागे न्यायचंय. दीड मीटरला १९, तर पुढच्या आणि मागच्या पायांमधल्या अंतराला किती? ते अंतर साधारण ५५ सेंटिमीटर असेल तर उत्तर येतं ७ मिलिमीटर. पुढचे दोन्ही पाय सात-सात मिलिमीटर वाढवायचे. पायाचा एक फेरा साधारण सव्वा ते दीड मिलिमीटर उचलतो, म्हणजे प्रत्येकी पाच फेरे. ढोबळ मानाने आधी चार द्या, पुन्हा दोरा धरा आणि मग उरलेलं बघा.

पाय कोणत्या दिशेने फिरवायचा यावर फार डोकं घालवू नका, वरून बघता की खालून यावर दिशा उलटते. एक फेरा द्या आणि आटे बाहेर येतायत की आत जातायत ते पाहा. बाहेर आले की फ्रिज उचलला जातो. पाय फिरत नसेल तर त्यावर वजन आहे. पाना लावून जबरदस्ती केलीत तर पायाचं प्लास्टिक फुटेल. एका माणसाने फ्रिजच्या वरच्या भागाला धरून तो दोन-तीन सेंटिमीटरच मागे झुकवावा, पुढच्या कडेखाली लाकडाची फळी सरकवावी आणि मगच दुसऱ्याने पाय फिरवावा. फळी नसताना बोटं खाली घालू नयेत. दोन्ही पाय सारखेच फेरे फिरवा, नाहीतर एक दुखणं बरं करताना दुसरं लावून घ्याल.

मग डावं-उजवं. तोच दोरा समोरून, खोक्याच्या उभ्या कडेशी धरायचा. इथे वर-खाली फरक शून्याच्या जवळ हवा. दोन-तीन मिलिमीटरने काही बिघडत नाही. जास्त असेल तर जी बाजू खाली आहे तिकडचा पुढचा पाय थोडा वाढवा आणि लगेच पुन्हा कर्णावर दाबून बघा.

बरेच जण इथेच फसतात. चार पायांची वस्तू नेहमी तीन पायांवर उभी राहू शकते आणि चौथा पाय दिसायला टेकलेला असतो. जमीन मागच्या एका कोपऱ्यात खोल असेल तर पुढचे पाय कितीही फिरवा, खोका कर्णावर पिळला जातो. फ्रिजचं अंग म्हणजे पातळ पत्रा आणि आत फोम. दिसतं तेवढं ते ताठ नसतं. पिळलं की दाराची चौकट काटकोनात राहत नाही आणि रबर एकाच कोपऱ्यात सुटतं. म्हणून फट कुठे आहे ते नीट बघा. हँडलच्या बाजूला वरपासून खालपर्यंत सारखी फट असेल तर कल किंवा अडथळा. फक्त वरच्या किंवा फक्त खालच्या कोपऱ्यात असेल तर पीळ, लोंबलेलं दार किंवा त्या कोपऱ्यातलं मुडपलेलं रबर. पिळाचा इलाज मागच्या पायाखाली, म्हणजे फ्रिज बाहेर ओढून त्या कोपऱ्याखाली कडक, सपाट तुकडा सारायचा: फरशीची कपची किंवा जाड प्लायवूड. पुठ्ठा, कागदाची घडी, रबराचा मऊ तुकडा नको. आज बसवलं तर महिन्याभरात दबून पुन्हा तेच. फ्रिज चाकांच्या स्टँडवर असेल तर आधी स्टँडच वाकलंय का ते पाहा. वाकलेल्या स्टँडवर पायांचं सगळं गणित वाया जातं, आणि मी तरी अशा वेळी स्टँड काढून फ्रिज थेट जमिनीवर ठेवायला सांगतो.

आता रिकामं दार तपासा. ते अर्ध्या काटकोनापर्यंत उघडा आणि सोडून द्या, ढकलू नका. ते सावकाश निघून शेवटी स्वतःच लागलं पाहिजे. बिजागरीत उताराचा तुकडा नसलेल्या फ्रिजमध्ये ते कदाचित जागीच थांबेल. मग चार बोटांएवढं उघडं ठेवून सोडा. तिथून तरी लागायलाच हवं.

हे जमलं की कप्पे भरायला घ्या, पण एका वेळी एकच. प्रत्येक कप्प्यानंतर दार सोडून बघा. दार पुन्हा अडलं तर ते कसं अडतं याकडे लक्ष द्या. दर वेळी ठरावीक अंतरावर टणकपणे थांबत असेल तर काहीतरी आपटतंय: उंच बाटलीचं डोकं आतल्या काचेच्या फळीला, कप्प्याबाहेर आलेली बरणी भाजीच्या ड्रॉवरला, किंवा ड्रॉवरच पूर्ण आत गेलेला नाही. मऊपणे येऊन परत मागे फिरत असेल तर कल अजून पुरेसा नाही. या दोन्ही गोष्टी दिसायला सारख्या वाटतात, पण हाताला फरक लगेच कळतो. दाराचा कप्पा त्याच्या खाचेत पूर्ण बसलाय ना, हेही पाहा. बाटल्यांच्या भाराने एक टोक खाचेतून वर आलं की कप्पा तिरका होतो आणि बाटल्या आत झुकतात.

बाटल्या ठेवायच्याच असतील तर बिजागरीच्या बाजूला ठेवा. बिजागरीपासून १० सेंटिमीटरवरची बाटली बिजागरीवर जो ताण देते, त्याच्या पाचपट ताण तीच बाटली ५० सेंटिमीटरवर देते. तुमच्या २५ किलोच्या दाराच्या दोन बिजागऱ्यांमध्ये मीटरभर अंतर असेल तर वरची बिजागरी सात-साडेसात किलोने हँडलकडे ओढली जाते आणि खालची तेवढ्याच जोराने उलट दिशेला दाबली जाते. वर्षानुवर्षं हे चाललं की खालच्या पिनेवरचं प्लास्टिकचं बुश झिजतं आणि दार हँडलच्या बाजूला लोंबतं. हे ओळखायला दार काटकोनात उघडा, हँडलखाली हात घालून हलकेच वर उचला. टोक खटकन वर-खाली होत असेल तर बुश गेलंय किंवा वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल झालेत. दार बंद करून दोन दारांमधली आडवी फट बघितली तरी कळतं. ती बिजागरीपाशी अरुंद आणि हँडलपाशी रुंद दिसते. स्क्रू सैल असतील तर कुणालातरी दार उचलून धरायला सांगून ते आवळा. बुश किंवा उताराचा तुकडा झिजला असेल तर तो मॉडेलचाच मागवावा लागतो. दार काढावं लागतं, म्हणून हे काम तंत्रज्ञाकडून केलेलं बरं.

एक सक्त मनाई. बिजागरीच्या स्क्रूची जागा खराब झाली म्हणून लांब स्क्रू ठोकू नका आणि फ्रिजच्या अंगाला कुठेही भोक पाडू नका. बऱ्याच फ्रिजमध्ये बाजूच्या पत्र्यामागे आणि दाराच्या चौकटीभोवती गॅसच्या बारीक नळ्या फिरवलेल्या असतात. आजच्या अनेक फ्रिजमधला गॅस ज्वलनशील असतो.

आता रबराकडे या, ते शेवटी. कोमट पाण्यात थोडा भांड्याचा साबण घालून घड्यांच्या आतपर्यंत पुसा आणि कोरडं करा. सांडलेल्या सरबताचा चिकटपणा असला तरी रबर मुडपतं. बरेच महिने दार तिरकं लागत असेल तर रबराने तो आकार धरलेला असतो, म्हणून फ्रिज सरळ केल्यावर एक-दोन दिवस एखादा कोपरा थोडा उठलेला दिसेल. त्या जागी गरम पाण्यात पिळलेलं फडकं धरून रबर बोटांनी ओढून सरळ करा आणि दार लावून ठेवा. मग कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढून बघा. चारही बाजूंना, दर वीतभर अंतरावर, कागद थोडा अडखळत निघाला पाहिजे. एखाद्या जागी तो सरळ सुटून आला, तिथे रबर फाटलेलं, कडक पडलेलं किंवा चुंबकाची पट्टी तुटलेली दिसली, तर मात्र रबर बदला. त्या वेळी तुमचा दुरुस्तीवाला बरोबर असेल.

दोन दारांच्या फ्रिजमध्ये वरचं दारही त्याच वेळी तपासा. खालचं दार जोरात लावल्यावर वरचं क्षणभर फुलून उघडतं का ते बघा. आत दोन्ही भागांना जोडणारा हवेचा मार्ग असला की असं होतं, आणि दार उघडलेलं कुणाच्या लक्षातही येत नाही. फ्रीजरच्या कडेला बर्फ जमलेला असेल तर तो वितळवून काढा, कारण कडेवरचा बर्फ दाराला टेकलेला असताना कितीही कल दिला तरी फट राहणारच. तो टोकदार वस्तूने उकरू नका.

फ्रिज पुन्हा सुरू केल्यावर दुसऱ्या दिवशी दार लावा आणि लगेच उघडून बघा. ते क्षणभर घट्ट वाटलं तर सील चांगलं बसलंय. आत शिरलेली गरम हवा थंड होऊन आकसते आणि दार आत ओढलं जातं. आठवड्याभराने ओळंबा पुन्हा एकदा धरा, विशेषतः जमीन लाकडी असेल किंवा पायाखाली तुकडा घातला असेल तर. सगळं जागेवर बसायला तेवढा वेळ लागतो, आणि बहुतेक वेळा अर्धा फेरा आणखी द्यावा लागतो.